फुटबॉल पंचांची धावण्याची चाचणी: साताऱ्याहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्यातल्या नव्या-जुन्या पंचांबरोबर गेली काही वर्षं मी पहाटे मैदानावर पळतो आणि त्यांची तयारी करून घेतो. चाचणीची तारीख जवळ आली की फोनवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. बहुतेक जण शेतात, शाळेत, बँकेत किंवा कारखान्यात काम करून शनिवार-रविवारी शिट्टी घेणारे असतात. त्यांना समोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

१. चाचणीत नेमकं काय करावं लागतं?

फिफाच्या पद्धतीत मुख्य पंचाला एकाच दिवशी, एकामागून एक दोन चाचण्या द्याव्या लागतात. पहिली वेगाची. ४० मीटर सहा वेळा पळायचं आणि दोन धावांमध्ये जास्तीत जास्त एक मिनिट विश्रांती. या मिनिटात चालत मागे सुरुवातीच्या रेषेवर यायचं असतं. नंतर सहा ते आठ मिनिटांची मोकळीक मिळते आणि दुसरी चाचणी सुरू होते. तिच्यात ७५ मीटर पळायचं, २५ मीटर चालायचं, पुन्हा ७५ पळायचं, २५ चालायचं, असं न थांबता चाळीस वेळा करायचं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर याच्या बरोबर दहा फेऱ्या, म्हणजे चार किलोमीटर होतात. कधी पळायचं आणि कधी चालायचं हे स्पीकरवरची शिट्टी ठरवते. त्यात तुमच्या मर्जीला जागा नाही.

हौशी पंच पहिल्या चाचणीला घाबरतात आणि दुसऱ्या चाचणीत नापास होतात. म्हणून या पानावर दुसरीवर जास्त लिहिलं आहे.

२. मला किती वेळात पळावं लागेल?

हे तुमच्या श्रेणीवर अवलंबून आहे. फिफाच्या वेळांप्रमाणे पुरुष पंचांना ४० मीटरची प्रत्येक धाव आंतरराष्ट्रीय आणि पहिल्या श्रेणीत ६.० सेकंदांत, दुसऱ्या श्रेणीत ६.१ आणि तिसऱ्या व त्याखालच्या श्रेणीत ६.२ सेकंदांत संपवावी लागते. महिला पंचांसाठी हेच आकडे ६.४, ६.५ आणि ६.६ आहेत.

दुसऱ्या चाचणीत पुरुषांना ७५ मीटरला सगळ्या श्रेणींत १५ सेकंदच मिळतात. बदलतो तो चालण्याचा वेळ. वरच्या श्रेणीला २५ मीटर चालायला १८ सेकंद, दुसऱ्या श्रेणीला २० आणि तिसऱ्या श्रेणीला २२. महिलांना पळायला १७ सेकंद आणि चालायला अनुक्रमे २०, २२, २४ सेकंद. तिसऱ्या श्रेणीच्या पुरुष पंचाची एक आवृत्ती ३७ सेकंदांची होते, म्हणजे चाळीस आवृत्त्यांना २४ मिनिटं ४० सेकंद लागतात.

या आकड्यांतच चाचणीचं मर्म आहे. श्रेणी वाढली तरी पळण्याचा वेग तोच राहतो, दम परत मिळवायचा वेळ मात्र कमी होत जातो. तुमच्या परीक्षेला यातली कोणती वेळ लागू आहे ते संघटनेच्या परिपत्रकात वाचा आणि सराव त्याच वेळेवर करा.

३. सहायक पंचालाही हेच करावं लागतं का?

थोडं वेगळं. लाइनवरच्या पंचाला सरळ पळण्याइतकंच आडवं सरकणं आणि झटक्यात वळणं लागतं. त्यामुळे त्याची सुरुवात दिशा बदलण्याच्या चाचणीने होते: १० मीटर सरळ, ८ मीटर एका बाजूला आडवं, ८ मीटर दुसऱ्या बाजूला आडवं आणि पुन्हा १० मीटर सरळ. आंतरराष्ट्रीय पुरुष सहायकाला हे १० सेकंदांत करावं लागतं. मग ३० मीटरच्या पाच धावा, मध्ये ३० सेकंद विश्रांती. शेवटी ७५-२५ ची चाचणी त्यांनाही आहे. खालची तयारी त्यांनाही चालेल. त्यात आठवड्यातून दोनदा आडव्या धावेची दहा मिनिटं वाढवा.

४. ४० मीटरच्या धावेत एकदा वेळ चुकली किंवा पाय घसरला तर?

पाय अडखळून पडलात तर ती धाव पुन्हा करू देतात. न पडता सहापैकी एका धावेची वेळ चुकली, तर सहावीनंतर लगेच सातवी संधी मिळते. सातांपैकी दोन चुकल्या की नापास.

सुरुवातीबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तुम्ही उभे राहता ती रेषा वेळ मोजणाऱ्या यंत्राच्या दीड मीटर मागे असते. घड्याळ तुमचं शरीर यंत्रासमोरून गेल्यावर सुरू होतं, शिट्टीवर नाही. तयार आहात अशी खूण झाली की तुम्ही तुमच्या मनाने निघता. शिट्टीकडे कान लावून ताणून उभं राहायची गरज नाही. पुढचा पाय रेषेवर ठेवा, एक श्वास सोडा आणि निघा. दीड मीटरमध्ये पहिलं जोरदार पाऊल पडून गेलेलं असतं, त्याचा फायदा घ्या.

५. ७५-२५ मध्ये नापास कसं ठरवतात? एक पाऊल उशिरा पडलं तरी बाद का?

७५ मीटरच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे दीड-दीड मीटरवर शंकू ठेवलेले असतात. शिट्टी वाजण्याआधी तुमचा एक पाय त्या पट्ट्यात पडला पाहिजे. पहिल्यांदा चुकलात तर परीक्षक मोठ्याने ताकीद देतो आणि तुम्ही पुढे पळत राहता. दुसऱ्यांदा चुकलात की तुम्हाला थांबवतात. शिट्टीआधी पुढची धाव सुरू करणंही चालत नाही.

म्हणजे एका चुकीची सवलत आहे, पण पंचविसाव्या आवृत्तीनंतर ताकीद मिळालेला पंच क्वचितच शेवटपर्यंत टिकतो. पाय उशिरा पडायला लागले याचा अर्थ दम आधीच संपलेला असतो.

६. मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली आहे. मग मला वेगळ्या तयारीची काय गरज?

हा प्रश्न साताऱ्यात सगळ्यात जास्त येतो, आणि यवतेश्वरचा घाट चढून आलेल्या माणसाला त्याचं उत्तर पटवणं अवघड जातं. घाटाने तुम्हाला दम दिला आहे, तो उपयोगी पडेलच. पण २१ किलोमीटर दोन तास दहा मिनिटांत पळणारा माणूस ताशी दहा किलोमीटरच्या आतबाहेर पळतो. ७५ मीटर १५ सेकंदांत म्हणजे ताशी १८ किलोमीटर. ४० मीटर सहा सेकंदांत म्हणजे ताशी २४. त्या वेगाने तुमचे पाय महिनोन्‌महिने पळालेलेच नसतात.

वेगात पळताना स्नायूंमधला झटपट खर्चायचा साठा वापरला जातो, श्वासाने मिळणारा प्राणवायू तेवढ्या वेळात पुरा पडत नाही. तो साठा पुढच्या चालण्यात भरायचा असतो. तो किती लवकर भरतो, यावर चाचणी पास की नापास हे ठरतं. एकसारख्या चालीने लांब पळणाऱ्याला ही भरती करायची वेळच येत नाही, कारण त्याने साठा कधी रिकामा केलेला नसतो. दहाव्या आवृत्तीपर्यंत त्याला सगळं सोपं वाटतं आणि विसाव्याला पाय दगड होतात.

दुसरा धोका मांडीच्या मागच्या स्नायूचा. लांब पळणारा पाऊल छोटं टाकतो. एकदम पूर्ण वेगात पाय पुढे फेकला की हॅमस्ट्रिंग ताणली जाते आणि पहिल्याच ४० मीटरला धरते. त्यावर प्रश्न १० पाहा.

मॅरेथॉन सोडा असं मी म्हणत नाही. चाचणीच्या आधीचे दहा आठवडे लांब धाव आठवड्याला एकच, चाळीस मिनिटांची ठेवा आणि बाकीचे दिवस तुटक वेगाला द्या.

७. किती आठवडे तयारी लागते? एखादं खरं उदाहरण सांगाल का?

आठवड्याला एखादा सामना घेणाऱ्या, अंगाने बऱ्या माणसाला दहा आठवडे पुरतात. आमच्या गटातल्या एका शिक्षकाची हकीकत सांगतो. वय ३९, तिसऱ्या श्रेणीची वेळ, कोरेगाव भागातून पहाटे गाडीने यायचे.

पहिल्या दिवशी मी त्यांची पूर्ण चाचणी घेतली. ४० मीटरच्या सहा धावा हातातल्या घड्याळावर ५.७, ५.८, ५.९, ६.०, ६.२ आणि ६.३ अशा आल्या. ७५-२५ मध्ये सतराव्या आवृत्तीला दुसऱ्यांदा उशीर झाला आणि ते थांबले. गडी निराश झाला. मी मात्र त्यांच्या पहिल्या काही आवृत्त्यांची वेळ टिपली होती. पहिले ७५ मीटर त्यांनी १२.४ सेकंदांत काढले होते आणि रेषेवर जाऊन अडीच सेकंद उभे होते. १५ सेकंदांच्या कामाला ते ताशी जवळजवळ २२ किलोमीटरचा वेग खर्चत होते. लवकर पोचल्याचं बक्षीस या चाचणीत नाही. पहिल्या सात-आठ आवृत्त्यांत उधळलेला तो साठा त्यांना सतराव्या आवृत्तीत कमी पडला.

म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही फक्त चाल बसवली. ७५ मीटरच्या मध्यावर, साडेसदतीस मीटरला, एक शंकू ठेवला आणि तिथे बरोबर सात ते सव्वासात सेकंदांनी पोचायचं, शेवटी १४ ते १४.५ मध्ये रेषा गाठायची. आठ आवृत्त्या, तीन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. चालण्याचा वेळ पहिल्यापासून २२ सेकंदच ठेवला, कारण शरीराला तीच लय लागायला हवी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाराच्या दोन खेपा केल्या. पाचव्या-सहाव्यात दहाच्या तीन, सातव्यात सोळाच्या दोन. आठव्यात चोवीस, थोडं थांबून बारा. नवव्यात सलग चाळीस. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आवृत्त्या किंवा विश्रांतीतली कपात, हा आमचा नियम. दोन्ही एकदम केलं की चौथ्या आठवड्यात पोटऱ्या बोलायला लागतात.

हे सगळं मंगळवारी. शुक्रवारी वेग: आधी २० मीटरच्या चार धावा, मग ४० च्या चार, दोन धावांमध्ये दोन मिनिटं. सहाव्या आठवड्यापासून चाचणीसारख्या सहा धावा, एका मिनिटाच्या विश्रांतीने. पहिली धाव ५.७ ला न नेता सगळ्या ५.८-५.९ ला ठेवायच्या, हेच त्यांना शिकायचं होतं. रविवारी सामना. बाकी दिवशी चालणं किंवा काहीच नाही.

दहाव्या आठवड्यात फक्त बारा आवृत्त्या केल्या आणि चार दिवसांनी चाचणी. ते पास झाले. अठ्ठाविसाव्या आवृत्तीला चेहरा पडला होता, पण पाय पट्ट्यात वेळेवर पडत होते.

८. आमच्याकडे ट्रॅक नाही. कुठे आणि कसा सराव करू?

बालेवाडीसारखा सिंथेटिक ट्रॅक रोज कुणाला मिळतो? साताऱ्यात शाहू क्रीडा संकुल आहे, तालुक्याला शाळा-कॉलेजची मैदानं आहेत, तेवढ्यावर भागतं. तुम्हाला लागतं ते मोजमाप. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लांब फितीचा टेप घ्या आणि फुटबॉलच्या मैदानाभोवती कोपरे गोल करून ४०० मीटरची वाट आखा. प्रत्येक शंभर मीटरला एक शंकू, आणि तिथून पुढे ७५ वर दुसरा. पावलांनी मोजू नका. पावलांनी मोजलेले ७५ मीटर मी टेपने मोजले तेव्हा कुठे ७० निघाले, कुठे ८१.

फक्त शंभर मीटरची सरळ जागा असेल तरी चालेल: ७५ पळा, २५ चाला, वळा, परत ७५ पळा. वळायला सेकंदभर जातो, एवढं लक्षात ठेवा.

शिट्टीसाठी मोबाइलवर घरीच आवाज रेकॉर्ड करा. घड्याळ लावून शून्य सेकंदाला शिट्टी, मग १५, ३७, ५२, ७४ असं दर वेळी १५ आणि २२ मिळवत जायचं. चाळीस आवृत्त्यांचं रेकॉर्डिंग करायला अर्धा तास लागतो आणि ते पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतं. मनाने वेळ मोजून सराव करू नका. दमलेला माणूस मनातले सेकंद लांबवतो.

मुरमाच्या कडक मैदानावर आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेगवान दिवस ठेवू नका, नडग्या दुखायला लागतात. चाचणी ट्रॅकवर असेल तर शेवटचे दोन सराव तरी पळण्याच्या बुटात करा. स्टडच्या बुटांची सवय झालेल्या पायाला सपाट तळ वेगळा लागतो.

९. घरच्या घड्याळावर ६.१ येतात. म्हणजे मी पास ना?

धोका आहे. सुरुवातीला घड्याळ दाबणारा माणूस तुम्हाला रेषा ओलांडताना बघतो आणि मग बोट दाबतो. त्यात अंदाजे दोन दशांश सेकंद जातात. शेवटी मात्र तुम्ही येताना त्याला दिसत असता, त्यामुळे तिथे तो वेळेवर दाबतो. एकूण वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. यंत्रावर तुमचे ६.१ सहज ६.३ होऊ शकतात. म्हणून हातातल्या घड्याळावर मर्यादेच्या आत किमान दोन-अडीच दशांशांची जागा ठेवा. ६.२ ची मर्यादा असेल तर सरावात ५.९-६.० हवेत, आणि तेही सहाव्या धावेत.

मोजताना एक माणूस सुरुवातीच्या रेषेवर उभा करा. तुमची छाती रेषेवरून गेली की त्याने वर धरलेला हात झटकन खाली आणायचा. शेवटच्या रेषेवरचा माणूस तो हात बघून घड्याळ सुरू करतो. ४० मीटर लांबून छातीचा अंदाज घेण्यापेक्षा हे बरंच अचूक असतं. धावणाऱ्याची पहिली हालचाल बघून घड्याळ दाबू नये, कारण दीड मीटरची सुरुवात मोजायचीच नसते (प्रश्न ४).

१०. मांडीच्या मागे दर वेळी धरतं. काय करू?

जोरात कळ आली, काळं-निळं झालं किंवा चालताना लंगडावं लागत असेल तर सराव बंद करून डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. तेल चोळून, पट्टी बांधून पळू नका. हॅमस्ट्रिंगचं दुखणं अर्धवट बरं असताना पळालं की ते पुन्हा त्याच जागी येतं आणि दुसऱ्या वेळी जास्त दिवस खातं.

नुसता ताण जाणवत असेल तर कारण बहुतेक दोनपैकी एक असतं. एक म्हणजे गरम न होता वेगात पळणं. पहाटे पावणेसहाला गाडीवरून उतरून थेट ४० मीटर पळणारे मी पाहिले आहेत. आधी दहा मिनिटं हळू धाव, मग पाय मागे-पुढे झुलवणं, गुडघे वर घेऊन पळणं आणि ४० मीटरच्या तीन चढत्या धावा, पहिली साठ टक्के, तिसरी नव्वद टक्के जोराची. मगच घड्याळ. दुसरं कारण म्हणजे मागचा स्नायू कमजोर असणं. त्याला एक व्यायाम फार उपयोगी आहे. गुडघ्यांवर उभे राहा, जोडीदाराला घोटे घट्ट धरायला सांगा आणि पाठ-कंबर सरळ ठेवून शरीर हळूहळू पुढे झुकवा. तोल सुटेपर्यंत मांडीच्या मागच्या स्नायूने स्वतःला अडवून धरायचं, मग हातांवर उतरायचं. सुरुवातीला पाच-पाचच्या दोन खेपा, आठवड्यातून दोनदा. पहिल्या वेळी दोन दिवस मांड्या दुखतात, ते ठीक आहे. चाचणीच्या आठवड्यात मात्र करू नका.

अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याचा इथे उपयोग होतो. चढावर आठ-दहा सेकंद जोरात पळालं तर वेगाची ताकद येते आणि पाऊल लांब पडत नसल्यामुळे हॅमस्ट्रिंगवर ताण कमी येतो. दुखण्यातून परत येणाऱ्याला मी आधी चढ देतो, मग सपाटी. उतारावर मात्र चालतच यायचं.

११. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो. तेव्हा काय?

डांबरी चढावर पळा, आणि वर सांगितलेला ताकदीचा व्यायाम घरात करा. ओल्या गवतावर वेगाची धाव नको. सप्टेंबरअखेर मैदान सुकलं की दहा आठवड्यांचा हिशेब सुरू करता येतो. पावसात दम टिकवला असेल तर पहिले दोन आठवडे वाचतात.

१२. चाचणीच्या दिवशी काय खायचं? त्या दिवशी चतुर्थी आली तर?

सकाळी सातची चाचणी असेल तर आदल्या रात्रीचं जेवणच कामाला येतं: भात, भाकरी, डाळ, नेहमीचं. तिखट रस्सा आणि मटण त्या रात्री नको. सकाळी दीड-दोन तास आधी थोडे पोहे किंवा दोन केळी आणि पाणी. नवीन काहीही त्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका.

उपवासाबद्दल आमच्या गटात वाद होतात. निर्जळी करून ही चाचणी देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. एरवीच्या उपवासाला अडचण नाही, पण शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी पोटात जड बसते. तिच्याऐवजी केळी, राजगिऱ्याचा लाडू, खजूर घ्या. रोजाच्या महिन्यात तारीख आली तर संघटकांना आधीच लिहून वेळ किंवा तारीख बदलून मिळते का ते विचारा.

दोन चाचण्यांमधल्या सहा-आठ मिनिटांत खाली बसू नका. चालत राहा, दोन-चार घोट पाणी घ्या. बसून उठलेल्या पायांना पहिल्या तीन-चार आवृत्त्या जड जातात.

१३. चाचणी पास झालो, पण सामन्यात तरी मागे पडतो. असं का?

चाचणी सरळ रेषेत आणि शिट्टीच्या तालावर असते. सामन्यात कधी पळायचं हे तुम्हाला ठरवावं लागतं, आणि बहुतेक हौशी पंच ते उशिरा ठरवतात. वरच्या पातळीवरचा पंच एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, पण त्यातलं बरंचसं चालणं आणि हलकी धाव असते. खेळ हातातून सुटतो तो मोजक्या क्षणी.

सगळ्यात नेहमीचा क्षण कॉर्नर किकचा. तुम्ही गोलजवळ, पेनल्टी क्षेत्राच्या कडेला उभे आहात. गोलकीपरने चेंडू हातात घेतला आणि लगेच लांब फेकला. विरुद्ध संघाचे दोन खेळाडू सुटले आहेत आणि तुम्ही त्यांच्या वीस मीटर मागे आहात. हे अंतर पायांनी भरून निघत नाही, कारण तो खेळाडू तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. ते भरायचं आधी. चेंडू गोलकीपरच्या हातात जातोय असं दिसलं की तो हातात यायच्या आतच वळायचं आणि पहिली पाच पावलं जोरात टाकायची. गोलकीपरने चेंडू ठेवून घेतला तर पाच पावलं वाया गेली, एवढंच.

याचा सराव असा. पेनल्टी क्षेत्राच्या रेषेवर आडवं पाच मीटर सरका, तीन मीटर मागे पळा, जोडीदाराने हात वर केला की वळून मध्यरेषेपर्यंत पूर्ण वेगात. मध्यरेषेवर वेग कमी करून आणखी वीस मीटर हलकी धाव, चालत परत. सहा वेळा. हात कधी वर होईल हे तुम्हाला माहीत नसलं पाहिजे. दोनदा त्याने हात वर करूच नये.

दुसरी सवय, चेंडूच्या थेट मागे पळायचं नाही. तुम्ही आणि सहायक पंच यांच्या मध्ये खेळ राहील अशी तिरकी वाट धरली की अंतर कमी कापावं लागतं आणि दिसतंही जास्त. पुढच्या तीन सामन्यांत कुणाला तरी मोबाइलवर तुमचं चित्रण करायला सांगा, चेंडूचं नाही. तुम्ही कितव्या सेकंदाला वळता ते तुम्हालाच दिसेल.

१४. गावच्या स्पर्धेत सहायक पंचच नसतात. मग ऑफसाइड आणि धाव दोन्ही कसं जमवू?

पूर्ण जमत नाही, हे आधी मान्य करा आणि सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना सांगा. अशा सामन्यात नेहमीची तिरकी वाट सोडून मैदानाच्या मध्याकडे थोडं जास्त राहा आणि बचावाच्या शेवटच्या ओळीपासून फार मागे राहू नका. आडवी धाव जास्त लागते, म्हणून सहायक पंचाचा सराव (प्रश्न ३) इथे मुख्य पंचालाही उपयोगी. मैदान लहान असेल, सातच्या संघांची स्पर्धा असेल तर अंतर कमी होतं, पण चेंडू दोन्ही टोकांना इतक्या पटापट जातो की दम जास्त लागतो. असे दिवसाला चार-चार सामने घेणाऱ्या पंचाने त्या आठवड्यात ७५-२५ चा सराव करू नये.

१५. वय ४७, रक्तदाबाची गोळी चालू आहे. चाचणी देऊ का?

वय अडवत नाही, पण आधी डॉक्टरांची लेखी परवानगी आणि ईसीजी हवा. मी चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडे हे मागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर वर्गातल्या, हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. तुमच्या मनगटावरचं घड्याळ मग कमी ठोके दाखवतं आणि तुम्हाला वाटतं अजून जोर आहे. अशा वेळी ठोक्यांवर न जाता बोलून बघा. २५ मीटर चालताना चार-पाच शब्दांचं वाक्य सलग बोलता येत नसेल तर त्या दिवशीच्या आवृत्त्या तिथेच थांबवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर ताबडतोब थांबा आणि दवाखाना गाठा. त्या दिवशी ‘अजून दोनच राहिल्यात’ असं स्वतःला सांगू नका.

१६. आमच्या वेळी बारा मिनिटं पळायला लावायचे. ते का बंद झालं?

त्याला कूपर चाचणी म्हणत. बारा मिनिटांत २७०० मीटर कापावे लागत. ती एकसारख्या दमाची चाचणी होती आणि पंचाचं काम तसं नाही, ते थांबून-पळून चालतं. कारण प्रश्न ६ मध्ये आलंच आहे. जुन्या पंचांनी तो सराव टाकून देऊ नये. पहिल्या तीन आठवड्यांत दम उभा करायला तो अजून चालतो.

१७. डेंग्यू होऊन गेला आणि चाचणी तीन आठवड्यांवर आहे. काय करू?

तारीख पुढे ढकला. डेंग्यूनंतर ताप उतरला तरी अशक्तपणा आठवडे राहतो, प्लेटलेट नॉर्मल आल्या म्हणजे पाय परत आले असं नाही. डॉक्टरांनी होकार दिल्यावर पहिला आठवडा नुसतं चालणं, दुसरा हलकी धाव. मग आठ-आठच्या दोन खेपा करून बघा. त्या करताना ७५ मीटर १४.५ मध्ये आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं उठता आलं, तर प्रश्न ७ मधला तिसरा आठवडा धरा. नाही तर आणखी एक आठवडा चाला. वैद्यकीय कारणाने तारीख मागायची असेल तर प्रमाणपत्रासह चाचणीच्या आधी अर्ज द्या. चाचणी सुरू करून सहाव्या आवृत्तीला थांबलेल्या माणसाची नोंद नापास म्हणून होते, आजारी म्हणून नाही.